बजेटचं परिपत्रक आलं की तुमच्या ऑफिसात काय होतं? (अनुभव धागा)

फोर्टची_लोकल

वित्त विभागाचं अर्थसंकल्पीय अंदाजांचं परिपत्रक आलं. सोबत नेहमीची विवरणपत्रं, कमाल मर्यादा आणि तारीख. मी मंत्रालयात एका प्रशासकीय विभागाच्या बजेट डेस्कवर आहे, म्हणजे खालच्या कार्यालयांकडून माहिती गोळा करून बेरीज वर पाठवणारी. तुमचे अनुभव लिहा, विशेषतः वेतनाच्या उद्दिष्टाचे, म्हणजे ०१ चे, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे असतो आणि सगळ्यात कमी लक्ष पण तिथेच असतं असं माझं मत झालंय.

सुरुवात मी करते. आठमाही सुधारित अंदाज मागवले की निम्मी कार्यालयं एप्रिल ते नोव्हेंबरचा खर्च घेतात, आठने भागतात, बाराने गुणतात आणि पाठवून देतात. परवा आलेल्या एका विवरणपत्राचे आकडे सोपे करून सांगते. पहिले चार महिने दरमहा ३० लाख, पुढचे चार महिने दरमहा ३१ लाख, आणि मध्ये एकदा आश्वासित प्रगती योजनेची थकबाकी ८ लाख. आठ महिन्यांचे झाले २५२ लाख. भागून गुणलं की वर्षाचे ३७८ लाख.

आता नीट बघा. मार्चचा पगार एप्रिलमध्ये पडतो, म्हणून एप्रिल ते नोव्हेंबरच्या खर्चात मार्च ते ऑक्टोबरचे पगार असतात. बहुतेकांची वेतनवाढ १ जुलैची, ती दिसते ऑगस्टच्या खर्चात. म्हणजे उरलेले चारही महिने ३१ चेच, १२४ लाख. २५२ मध्ये ते मिळवले की ३७६. फरक फक्त २ लाखांचा, म्हणून कोणाला खटकत नाही. पण आत दोन चुका आहेत. एकदाच दिलेली ८ लाखांची थकबाकी गुणाकारात १२ लाख झालीये आणि वेतनवाढीचे २ लाख कमी पडलेत, म्हणून बेरीज जवळपास जुळल्यासारखी दिसते. खरा घोळ पुढच्या वर्षाच्या अंदाजात होतो, कारण तेच ३७८ धरून वर ५ टक्के लावून ३९७ लाख मागितलेत. पगाराच्या हिशोबाने ४ महिने ३१ चे आणि ८ महिने साधारण ३२ चे, म्हणजे ३८० लाख. महागाई भत्ता वेगळा, त्याचा दर परिपत्रकात जो धरायला सांगितलाय तोच धरायचा.

वांद्र्याचा_बाबू

ताई, आमच्याकडे असलं काही लागत नाही. मागच्या वर्षाच्या तरतुदीवर १० टक्के वाढवून मागायचं, वित्त विभाग कापणारच आहे, कापून जे राहतं तेवढंच आपल्याला हवं असतं. इतकी वर्षं असंच चाललंय आणि पगार कधी अडला नाही.

जुना_लेखाधिकारी

बाबूराव, पगार अडला नाही कारण वेतनाला शेवटी पैसे द्यावेच लागतात, तुमच्या १० टक्क्यांमुळे नाही. ०१ वर फुगवून मागितलं तर मार्चमध्ये तेवढं समर्पण करावं लागतं आणि मग महालेखापालांचा आक्षेप येतो. पण ताईंचा मुद्दा अर्धाच झाला. आठ महिन्यांचा खर्च कुठून घेतला ते आधी बघायला हवं. मी नोकरीत असताना एका संचालनालयाचे अंदाज तपासले, त्यांनी रोखवहीतून आकडे काढले होते. मुंबईत देयकं अधिदान व लेखा कार्यालयात जातात, तिथे आक्षेप लागून परत आलेली दोन देयकं रोखवहीत खर्च म्हणून तशीच पडलेली. खर्चमेळ केलेला नाही. मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात महालेखापालांकडचा आकडा जुळलेला लागतो. तो जुळला नाही की पुढचं सगळं तर्कशास्त्र हवेत. मी तर विवरणपत्र आलं की आधी तो रकाना बघायचो, मागणी नंतर.

आणि मागणी कशी बघतात तेही सांगतो. ०१ ला पदांचं विवरणपत्र जोडलेलं असतं: मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती. वित्त विभागाचा माणूस भरलेल्या पदांना सरासरी पगार लावून अंदाज काढतो आणि तुमच्या आकड्याशेजारी ठेवतो. फरक मोठा असेल तर फोन. त्या फोनला उत्तर देता आलं पाहिजे, नाहीतर त्यांचा आकडा कायम होतो.

साताऱ्याची_सून

काका बरोबर. पण आमच्या विभागात २०२० सालामुळे वेगळीच पंचाईत झाली होती. मे २०२० मध्ये ३३ टक्के खर्चाची मर्यादा आली ना, त्या वर्षी ११ प्रवास खर्च जवळजवळ शून्य. मग पुढे दोन-तीन वर्षं तीन वर्षांची सरासरी काढताना ते वर्ष मध्ये बसायचं. आमची मागणी फेटाळताना शेरा, 'मागील खर्च पाहता जास्त'. अहो, मागचा खर्च कमी होता कारण परवानगीच नव्हती! शेवटी आमच्या मॅडमनी समर्थनाच्या रकान्यात '२०२०-२१ वगळून' अशी वेगळी सरासरी लिहिली. ती एकदा मान्य झाली, पुढच्या वेळी नाही झाली. का ते आजपर्यंत कळलं नाही.

ठाण्याची_गाडी

धागा बघून आलो, आमच्या सोसायटीचं बजेट पण एजीएमला मांडायचं असतं आणि खजिनदार फॉर्मॅट मागतोय. तुमची ती विवरणपत्रं कुठे मिळतील? सिंकिंग फंड कुठल्या शीर्षाखाली टाकू?

फोर्टची_लोकल

@ठाण्याची_गाडी दादा, ही विवरणपत्रं शासकीय लेखाशीर्षांची आहेत, सोसायटीला उपयोगी पडणार नाहीत. तुमच्या उपविधींप्रमाणे जा.

पालिका_माणूस

राज्यात तारीख पुढे ढकलली जाते, आमच्याकडे कायद्यानेच ५ फेब्रुवारीची मुदत बांधलेली आहे, आयुक्तांना तोवर अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावे लागतात. त्यामुळे आम्हाला खात्यांकडून आकडे आधीच लागतात आणि विनंत्या चालत नाहीत. तुमचं तसं काही नाही बहुतेक.

जुना_लेखाधिकारी

आहे हो. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडायचा म्हणजे छपाईच्या आधी आकडे गोठवावे लागतातच, फक्त ती तारीख ओरडून सांगत नाहीत. खरी गंमत मधल्या साखळीत आहे. वित्त विभाग प्रशासकीय विभागाला वीस दिवस देतो. प्रशासकीय विभाग स्वतःकडे दहा ठेवून विभागप्रमुखाला दहा देतो. विभागप्रमुख सहा ठेवून नियंत्रक अधिकाऱ्याला चार देतो. तळातल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे पत्र पोचतं तेव्हा 'आजच' लिहिलेलं असतं. म्हणून तो आठने भागतो आणि बाराने गुणतो. त्याला आळशी म्हणता येणार नाही.

वांद्र्याचा_बाबू

हे मात्र खरं. मागच्या खेपेला आमच्याकडे पत्र आलं तेव्हा त्यातली तारीख उलटून गेली होती आणि खाली पेनने लिहिलेलं 'तात्काळ'.

कुर्ला_पश्चिम

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे सात पदं रिक्त आहेत, निवड यादी लागलीये, कागदपत्रं तपासणी सुरू आहे. परिपत्रकात म्हणतात भरलेल्या पदांचाच पगार धरा. म्हणजे रिक्त पदांसाठी तरतूद मागताच येत नाही. मग हे सात जण जूनमध्ये रुजू झाले की पगार कुठून?

जुना_लेखाधिकारी

मागताच येत नाही असं नाही. सरसकट रिक्त पदं धरून मागू नका असा त्याचा अर्थ. निवड यादी हातात असेल तर ती जोडून, किती जण कोणत्या महिन्यात येतील ते लिहून वेगळी ओळ टाका. मी असे प्रस्ताव मान्य होताना पाहिलेत.

साताऱ्याची_सून

काका, आमचा असाच प्रस्ताव परत आला, 'पूरक मागणीत पहा' म्हणून. पावसाळी अधिवेशनात पूरक मागणी मांडली, मंजूर झाली, तोपर्यंत नवीन लोकांचा पगार आहे त्याच तरतुदीतून दिला. हिवाळ्यात तोंडाला फेस आला होता. म्हणजे दोन्ही प्रकार होतात, टेबलावर कोण बसलंय त्यावर.

फोर्टची_लोकल

माझ्या मते वेगळी ओळ टाकावीच. पूरक मागणीवर ढकललं तरी आपण सांगितलं होतं हे कागदावर राहतं. पण @कुर्ला_पश्चिम एक लक्षात ठेवा, जूनमध्ये रुजू झाले तर त्यांचा पहिला पगार जुलैच्या खर्चात येणार. जुलै ते मार्च असे नऊच महिने या वर्षात पडतात. दहा महिने धरले तर तिथेच कापतील.

दहिसर_फास्ट

मी कमाल मर्यादेबद्दल लिहायला आलोय. अनिवार्य खर्चाची मर्यादा वित्त विभाग देतो, कार्यक्रम खर्चाची नियोजन विभाग, आणि आमच्या योजनेचा एक तुकडा एकात, दुसरा दुसऱ्यात. योजना राबवणाऱ्या कंत्राटी लोकांचं मानधन आधी कार्यक्रम खर्चात होतं, आता ते अनिवार्यमध्ये घ्या म्हणतात, पण अनिवार्यची मर्यादा वाढवून देत नाहीत आणि कार्यक्रमची मात्र लगेच कमी केली. मधल्या मध्ये मानधन गेलं. बीम्सवर टाकायला गेलो तर मर्यादेपेक्षा जास्त घेईना. आता दोन विभागांच्या पत्रांत फिरतोय. असं कोणाचं झालंय का?

वांद्र्याचा_बाबू

आमच्याकडे झालं होतं. आम्ही ते १० कंत्राटी सेवामध्ये टाकलं, वर्षभर चाललं.

जुना_लेखाधिकारी

बाबूराव, ती माणसं पुरवठादार एजन्सीमार्फत असतील तर १० ठीक. विभागाने थेट नेमलेली असतील तर त्यांच्या नेमणुकीच्या शासन निर्णयात उद्दिष्ट कुठलं लिहिलंय ते बघावं लागेल. @दहिसर_फास्ट तुमच्या शासन निर्णयात काय आहे?

दहिसर_फास्ट

'मंजूर तरतुदीतून भागवावा' एवढंच आहे काका. लेखाशीर्ष आहे, उद्दिष्ट नाही.

फोर्टची_लोकल

मग आमच्यासारख्या डेस्कवर वित्त विभागाची सहमती घेऊन शुद्धिपत्रक काढावं लागेल, आणि ते तारखेच्या आत होणं अवघड दिसतंय. दोन्ही विभागांना एकच पत्र करा, दोन वेगळी नको. त्यात मागच्या वर्षी ते मानधन कुठल्या उद्दिष्टातून दिलं त्याची देयकं जोडा. तोवर बीम्सवर मर्यादेइतकंच टाकून ठेवा, रिकामं सोडू नका, रिकाम्याचं शून्य धरतात.