पाश्चरायझरचा एचएमआय: सगळं करडं ठेवायचं की रंगीत?

मंदार, भोसरी:
एका डेअरीच्या ताशी ५००० लिटरच्या पाश्चरायझरसाठी १० इंची पॅनलवर स्क्रीन करतोय. ग्राहकाला चालू पंप हिरवा, बंद पंप लाल, थ्री-डी टाक्या आणि वाहतं दूध हवंय. आमचे सीनियर म्हणतात सगळं करडं ठेव, रंग फक्त अलार्मला. गडबड झाली तर ऑपरेटरला लांबून पटकन कळलं पाहिजे. कोणाचं ऐकू?

सुनेत्रा कु.:
सीनियरचं ऐक, पण कारण समजून घेऊन.

प्लँट व्यवस्थित चालू असताना तुझ्या स्क्रीनवर काय दिसेल ते बघ. स्टँडबाय पंप बंद, म्हणजे लाल. धुलाईच्या सीआयपी लाइनचे व्हॉल्व्ह बंद, लाल. ड्रेन बंद, तोही लाल. सगळं उत्तम चाललंय आणि स्क्रीनवर गणपतीतली रोषणाई! त्यात तापमानाचा खरा अलार्म लाल होऊन आला, तर तो ओळखायचा कसा? चालू-बंद ही अवस्था आहे, बिघाड नाही. चालू पंप पांढरट भर, बंद गडद करडा, आणि शेजारी 'चालू' किंवा 'बंद' असं लिही. आयएसए-१०१ या एचएमआयच्या मानकाच्या धर्तीवर केलेल्या स्क्रीन अशाच असतात.

पॅनलवाला शिरीष:
ताई, हे पुस्तकी झालं. पॅनलच्या दारावरचे दिवे आम्ही आयईसी ६००७३ प्रमाणे लावतो, हिरवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे धोका. दारावर एक आणि स्क्रीनवर दुसरं, असं केलं तर ऑपरेटर गोंधळणार नाही का? आणि अलार्म जास्त असले म्हणून काय बिघडतं? उलट सुरक्षितच.

सुनेत्रा कु.:
शिरीषदादा, मानक तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ते माझ्याच बाजूने आहे. लाल म्हणजे धोका. मग बंद ठेवलेल्या स्टँडबाय पंपाचा धोका कोणता?

जास्त अलार्मचं म्हणाल, तर १९९४ ची वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीची दुर्घटना बघा. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. त्यातला महत्त्वाचा कुठला, हे कोण शोधणार?

रोहित, सबस्टेशन:
आमच्याकडे ब्रेकर लागलेला असला की लाल आणि उघडा असला की हिरवा. लाल म्हणजे लाइन जिवंत, हात लावू नको. तुमच्या डेअरीच्या नेमकं उलट. लाल-हिरव्याचा अर्थ जगात सगळीकडे एकच, हे आधी डोक्यातून काढा.

रात्रपाळी_चाकण:
साहेबलोक, करडं करडं म्हणताय, पण फ्लोअरवर उभं राहून बघितलंय का? आमच्याकडे असलीच 'आधुनिक' स्क्रीन आली. पॅनल स्वस्तातलं, वर ट्यूबलाइटची चमक, आणि मी असतो सेपरेटरपाशी, चार मीटर बाजूला. तिरकं बघितलं की फिकट करडा आणि गडद करडा एकच दिसतात. पंप चालू आहे की नाही ते बघायला जवळ जावं लागतं. जुन्या स्क्रीनवर निदान हिरवा दिसायचा.

सुनेत्रा कु.:
रात्रपाळीदादा, हा मुद्दा शंभर टक्के खरा. दोन छटांमध्ये फरक भरपूर हवा, आणि तो ऑफिसातल्या मॉनिटरवर नाही, त्याच पॅनलवर तिरकं उभं राहून तपासायला हवा. पॅनल तसंच असेल तर छटेवर विसंबूच नये, चिन्हाचा आकार बदलावा.

अक्षरांचं गणितही करून टाकते. अक्षर डोळ्याला साधारण २० कोनीय मिनिटांचं दिसलं की आरामात वाचता येतं. चार मीटरवरून त्यासाठी उंची लागते सुमारे २३ मिमी. १० इंची स्क्रीनची उंचीच जेमतेम १३० मिमी. म्हणजे लांबून वाचता येतील असे आकडे एक किंवा दोनच मावतात. मंदार, हाच खरा निर्णय आहे: ते दोन आकडे कुठले? माझ्या मते होल्डिंग ट्यूबच्या शेवटचं तापमान, आणि दूध पुढे जातंय की परत वळलंय. बाकी सगळं जवळ येऊन वाचायचं. थ्री-डी टाक्या नेमकी हीच जागा खातात.

तापमान नुसत्या आकड्यात देऊ नकोस. उभी पट्टी काढ, ७२ वर डायव्हर्जनची रेघ, ७६ वर सेट पॉइंट, आणि शेजारी गेल्या अर्ध्या तासाचा ट्रेंड. '७४.१' वाचून काही कळत नाही, तेच रेघेकडे घसरताना दिसलं की कळतं.

आता वाफेचा दाब पडला असं धर. तापमान मिनिटाला अर्धा अंश उतरतंय. ७४ वर पिवळा अलार्म दिलास तर ७२ ला पोचेपर्यंत चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात माणूस स्टीमचा व्हॉल्व्ह बघून येतो. ७२.५ वर दिलास तर मिळतं एकच मिनिट, म्हणजे अलार्म असून नसल्यासारखा. आणि मजकूर `TT102 LO` असा नको. 'दूध तापमान घसरतंय, स्टीम दाब बघा' असा हवा.

७२ ला व्हॉल्व्ह आपोआप दूध बॅलन्स टँककडे वळवतो. ते काम इंटरलॉकचं, स्क्रीनवर अवलंबून ठेवायचं नाही. वळल्यावर पुढचा फ्लो शून्य होतो आणि त्याचाही अलार्म येतो. एका कारणाचे दोन-तीन लाल. म्हणून फ्लोचा अलार्म असा दाब:

```
ALM_FT103_LO := (FT103 < 4500.0) AND NOT FDV_DIVERTED;
```

प्राजक्ता, पीएलसी:
`FDV_DIVERTED` हा कमांडचा बिट की लिमिट स्विचचा? कमांडचा असेल आणि व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला, तर फ्लो कमी होऊनही अलार्म येणार नाही.

सुनेत्रा कु.:
लिमिट स्विचचाच. आणि कमांड देऊन काही सेकंदांत स्विच लागला नाही तर 'व्हॉल्व्ह अडकला' हा वेगळा, वरच्या प्राधान्याचा अलार्म. दाबलेलं सगळं इतिहासात मात्र नोंदवायचं.

विजय, रांजणगाव:
आमच्या पॅकिंग मशीनवर टॉवर लॅम्प आहे, लाल लागला की बझर वाजतो. ऑपरेटरने बझरवर चिकटपट्टीच लावली. कुठला बझर चांगला?

प्राजक्ता, पीएलसी:
विजयदादा, बझर बदललात तर ती चिकटपट्टी नव्या बझरवर जाईल. आधी तो दिवसातून किती वेळा वाजतो आणि त्यातल्या किती वेळा कोणाला खरंच काही करावं लागतं, ते लिहून काढा.

मंदार, एक राहिलं. लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष कमी नसतात आणि बऱ्याच जणांना स्वतःलाच ते माहीत नसतं. म्हणून अलार्मला रंगासोबत आकार आणि आकडा दे: लाल चौकोनात १, पिवळ्या त्रिकोणात २. स्क्रीनचा फोटो काढून मोबाइलवर कृष्णधवल कर. तरी वेगळे दिसले तर पास. आणि लुकलुकायचं फक्त चिन्हाने, अलार्म स्वीकारेपर्यंत. आकडा लुकलुकला तर वाचायचा कधी?

मंदार, भोसरी:
ग्राहकाचे साहेब करड्याला 'मेलेली स्क्रीन' म्हणतात. पाहुण्यांसाठी पहिल्या पानावर रंगीत चित्र आणि चालवायला आतलं करडं पान, असं दिलं तर?

सुनेत्रा कु.:
कुठल्याही पानावर असलं तरी अलार्मची पट्टी वर तशीच राहिली, आणि थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर स्क्रीन आपोआप करड्या पानावर गेली, तरच. नाहीतर रात्री ते चित्रच उघडं राहील.

पॅनलवाला शिरीष:
मला अजून पटत नाही. हिरवा गेला की फिटरचा पहिला फोन मला येतो, 'पंप चालू आहे का?'

रात्रपाळी_चाकण:
शिरीषदादा, तो फोन येतो कारण 'चालू' हा शब्दही बारीक असतो. मंदारसाहेब, स्क्रीन बनवायच्या आधी पॅनल कुठल्या भिंतीवर आणि कोणाकडे तोंड करून बसणार ते बघून या. आमचं अजून भिंतीकडेच बघतंय.