मदत हवी आहे: सात आठवड्यांच्या लेकराला झोपेत डोकं भिजेपर्यंत घाम येतो

जिंतूरची_लेक

नमस्कार. पहिलंच बाळंतपण, माहेरी आहे, जिंतूरजवळच्या खेड्यात. मुलगा सात आठवड्यांचा झालाय. आठ-दहा दिवसांपासून झोपला की डोक्याला इतका घाम येतो की उशीखालचं दुपटं पिळावं लागेल. अंग मात्र कोरडं, हातपाय उलट गारच. ताप नाही, दोनदा काखेत थर्मामीटर लावून बघितला.

आई म्हणते, अशक्त लेकरू आहे म्हणून घाम यायलाय, टाळूवर तेल वाढव. आजी म्हणते उष्णता आहे, सब्जाचं पाणी दोन चमचे पाज. नवरा पुण्यात, तो फोनवर म्हणतो सगळ्याच बाळांना येतो. कुणाचं ऐकावं? आमच्याकडं आत्ताच दुपारी पत्रा तापायला लागलाय आणि रात्री लाईटचा भरवसा नाही.

जालनेकर

वहिनी, घाबरू नका. माझ्या दोन्ही पोरांचं हेच होतं. झोप गाढ लागली की डोक्याला घाम सुटतो, दुपटं बदलायचं, झालं. एप्रिलमध्ये मराठवाड्यात मोठ्या माणसाला घाम येतो, लेकराला का येऊ नये?

मोगरा_नांदेड

माझ्या जावेच्या मुलीला असाच डोक्याला घाम यायचा, ते व्हिटॅमिन डी कमी होतं म्हणून. थेंब चालू केले आणि थांबला. तुम्ही पण चालू करा, मेडिकलमध्ये मिळतात.

सिस्टर_निवृत्त

मी चोवीस वर्षं नवजात बालकांच्या वॉर्डात काम केलंय, त्यातली बरीच परभणीत. जालनेकर म्हणतात ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. या वयात घामाच्या ग्रंथी डोक्यावर जास्त काम करतात, आणि बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपलेलंच असतं, त्यामुळं आपल्या नजरेला घाम झोपेतच पडतो. हातपाय गार असणंही या वयात चालतं. बाळ तापलंय का हे हातपायांवरून बघायचं नाही. मानेच्या मागं किंवा छातीवर आपल्या हाताची पाठ लावायची.

पण काही विचारते, त्याची उत्तरं द्या. झोपताना अंगावर नेमकं काय काय असतं? घाम फक्त झोपेत येतो की अंगावर पितानाही? एका वेळी किती मिनिटं पितो? जन्माचं वजन किती आणि दीड महिन्याच्या लशीच्या वेळी किती भरलं? कार्डावर लिहिलेलं असेल.

आणि सब्जाचं पाणी नको. साधं पाणीही नको. उन्हाळा कितीही असला तरी सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. वरचं पाणी पाजलं की छोटं पोट त्यानंच भरतं आणि दूध कमी जातं.

जिंतूरची_लेक

अंगावर झबलं, त्यावर लंगोट, मग दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला कानटोपडं. वर आजीची गोधडी, कारण कूलर चालू असतो. टोपडं काढलं की आजी परत घालते.

पितानाचं मी कधी नीट बघितलं नव्हतं. आज दुपारी मुद्दाम बघितलं. कपाळावर आणि वरच्या ओठावर दवासारखे थेंब होते. तेव्हा तो गुंडाळलेला नव्हता आणि पंखा चालू होता. पाच-सहा घोट घेतो, सोडतो, धापा टाकल्यासारखं करतो, परत धरतो. पाऊण तास लागतो, मग दमून झोपतो आणि तासाभरात भुकेनं रडतो. मला वाटायचं माझंच दूध कमी आहे.

वजन जन्माला २ किलो ८०० आणि लशीच्या दिवशी ३ किलो १०० होतं. नर्सबाई म्हणाल्या थोडं कमी आहे, पाजत राहा.

लातूरची_आई

माझा चार वर्षांचा मुलगा पण रात्री घामानं भिजतो, आणि घोरतो इतका की बाजूच्या खोलीत ऐकू येतं. त्यालाही हेच असेल का?

सिस्टर_निवृत्त

लातूरच्या ताई, तुमचं वेगळं आहे. चार वर्षांच्या मुलाचं रोजचं घोरणं आणि त्यासोबत घाम असेल तर नाकामागची गाठ किंवा टॉन्सिल वाढलेत का ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तो झोपलेला असताना मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. तपासताना मूल जागं असतं, घोरणं डॉक्टरांना दिसतच नाही.

आता जिंतूरच्या ताई, नीट वाचा. तुमच्याकडं दोन वेगळे घाम आहेत.

झोपेतला घाम मला टोपड्याचा आणि गोधडीचा वाटतो. बाळ अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं आणि आपण तेच झाकतो. घरात झोपताना टोपडं नको, गोधडी नको, एक पातळ सुती झबलं पुरे. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका आणि एक खिडकी उघडी ठेवा. बाळ उताणं झोपवा. फार तापलेलं, गुंडाळलेलं बाळ झोपेतच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून टोपड्याच्या बाबतीत आजीशी वाद घालावा लागला तरी घाला.

दूध पितानाचा घाम मात्र दाखवायलाच हवा. एवढ्या बाळाला दूध ओढणं म्हणजे आपल्याला डोक्यावर पाण्याची घागर घेऊन टेकडी चढण्यासारखं आहे. त्याच्या दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम तेच. हृदयावर आधीच जास्तीचा भार असेल तर तो तिथं उघडा पडतो. थोडं पिऊन थांबणं, धाप, कपाळावर घाम आणि वजन न वाढणं ही चारही एकत्र दिसली की मी टोपड्यावर ढकलत नाही. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, पण साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येतं, आणि पुढं रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ अपेक्षित असते. त्या हिशेबानं लशीच्या दिवशी साडेतीनच्या जवळपास हवं होतं. तुमचं दूध कमी आहे असं यावरून म्हणता येत नाही. त्याला ओढायची ताकद पुरत नसेल.

आज एक करा. तो शांत झोपला की पोट वर-खाली होताना एक पूर्ण मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबत-धावत असतो. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा.

जालनेकर

सिस्टर, जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासूनच घरी सोडलं असेल ना? हृदयाचं काही असतं तर तेव्हाच कळलं असतं. उगाच बाळंतिणीला घोर लावू नका.

सिस्टर_निवृत्त

दादा, इथंच बरेच जण फसतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं तरी पहिल्या दिवसांत आवाज येईलच असं नाही. तेव्हा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा, मग छिद्रातून रक्त जाणार कशाला? काही आठवड्यांत त्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त फुप्फुसाकडं लोटायला लागतं. म्हणून मोठं छिद्र असेल तर त्रास महिना-दीड महिन्याला दिसतो. सोडताना तपासणारा चुकला असं म्हणता येत नाही. आणि हृदयाचंच आहे असंही मी म्हणत नाही. जंतुसंसर्गातही बाळ असंच धापतं. म्हणूनच दाखवायला सांगतेय.

मोगराताई, डीचे थेंब बरोबर आहेत. वर्षाचा होईपर्यंत रोज ४०० युनिट बहुतेक बाळांना द्यायला सांगतात. पण घामावरून डीची कमतरता ठरवू नका. आणि बाटली बघून घ्या, काहींत एका मिलिलिटरमध्ये ४०० असतात, काहींत ८००. माझ्यासमोर दुप्पट डोस चाललेली घरं आलीत.

जिंतूरची_लेक

पहिल्यांदा मोजले ६६. अर्ध्या तासानं ६४. झोपलेलाच होता, टोपडं काढून. टोपडं काढल्यावर दुपटं भिजलं नाही, ते तुमचं खरं निघालं. पण बरगड्यांच्या खाली खड्डा पडल्यासारखं दिसतंय. खूप नाही, थोडं.

सिस्टर_निवृत्त

मग उद्याची वाट बघू नका, आजच निघा. लहान मुलांच्या डॉक्टरांकडं न्या किंवा थेट जिल्हा रुग्णालयात. वजनाचं कार्ड सोबत घ्या. वाटेत जीभ किंवा ओठ निळसर दिसले, बाळ लुळं पडलं, पिणंच सोडलं किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर १०८ ला फोन करा. गार, फिकट अंगावर घाम आला तरी तेच करा. गाडीत गुंडाळू नका.

मोगरा_नांदेड

ताई, काय झालं ते कळवा. लक्ष इकडंच आहे.

जिंतूरची_लेक

उशिरा लिहितेय, माफ करा. त्याच दिवशी परभणीला गेलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि गप्पच झाले, मग पोटावर हात दाबून म्हणाले यकृत थोडं हाताला लागतंय. दोन दिवसांनी संभाजीनगरला लहान मुलांचा टूडी इको झाला. पडद्याला ६ मिलिमीटरचं छिद्र आहे.

लघवी वाढवून फुप्फुसावरचा भार कमी करणारं पातळ औषध दिलंय, सुई नसलेल्या सिरिंजनं मोजून दिवसातून दोनदा. दूध काढून वाटी-चमच्यानं दर दोन तासांनी थोडं थोडं पाजायचं, म्हणजे दम लागत नाही. आठवड्याला वजन. पहिल्या आठवड्यात १४० ग्रॅम वाढलं. ऑपरेशन लागेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले, दोन महिन्यांनी परत इको आहे. आशाताईंनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव घातलंय, त्यात लागलं तर ऑपरेशन मोफत होतं म्हणाल्या.

आजी आता टोपडं घालत नाही, पण हे सगळं ग्रहणामुळं झालं असं अजून म्हणायलीय. मी उत्तर देत नाही.

एक विचारायचं होतं. आज सकाळी औषध दिलं आणि दहा मिनिटांत त्यानं सगळं ओकून टाकलं. परत द्यायचं का?

सिस्टर_निवृत्त

मनानं परत देऊ नका. किती पोटात गेलं ते आपल्याला कळत नाही आणि हे औषध जास्त झालं तर अंगातलं पाणी आणि क्षार उतरतात. ज्यांनी लिहून दिलंय त्यांना फोन करा, ओकल्याची वेळ सांगा, आणि सकाळपासून किती लंगोट ओले झाले तेही सांगा.

जिंतूरची_लेक

केला फोन. आत्ताचा सोडा, संध्याकाळचा वेळेवर द्या म्हणाले. पुढच्या वेळी दूध पाजायच्या आधी द्यायला सांगितलंय. सकाळपासून लंगोट पाच ओले झालेत.

लातूरची_आई

व्हिडिओ काढला. गुरुवारची वेळ मिळालीय.