कोटेशन मागितलं की आधी आकडा द्यायचा, की आधी प्रश्न विचारायचे?

कानामात्रा:
मी तांत्रिक भाषांतरं करते, इंग्रजीतून मराठी. काल एका अनोळखी कंपनीकडून एवढीच मेल आली: ‘मशीनचं मॅन्युअल, साधारण ६० पानं. कोटेशन पाठवा.’ ना फाइल, ना तारीख. आकडा सांगितला तर तो गळ्यात पडतो, प्रश्न विचारले तर माणूस गायब होतो. तुम्ही पहिल्या उत्तरात नेमकं काय लिहिता?

सरळसोट:
शब्दामागचा दर लिहा आणि मोकळ्या व्हा. एकूण किती झाले ते त्यांचं ते गुणून बघतील. ‘जरा समजून घेऊ दे’ म्हणून चार मेल खेळवत बसायचं कशाला? दर लपवला की समोरच्याला वाटतं, आपला खिसा चाचपून हे आकडा ठरवणार.

जुना खिळा:
दर लपवू नये, हे शंभर टक्के मान्य. पण नुसत्या दराने भागत नाही, कारण मॅन्युअलमध्ये सगळंच काम शब्दांत मोजलं जात नाही.

माझंच एक काम सांगतो. ‘८० पानं’ म्हणून आलं होतं. पानाला ३०० शब्द धरले तर २४,००० होतात. मी कोटेशन देण्याआधी फाइल मागितली. त्यात ३१ पानं सुट्या भागांच्या याद्या होत्या, म्हणजे नुसते क्रमांक. ९ पानं आकृत्या. सलग मजकूर उरला ४० पानं, मोजला तर १२,४०० शब्द. न बघता दिलेला आकडा जवळपास दुप्पट झाला असता आणि काम दुसरीकडे गेलं असतं.

उलट बाजूही होती. आकृत्यांवरची १४० लेबलं चित्रातच चिकटलेली होती. ती खोडून नव्याने बसवायची, म्हणजे हे काम तासांवर. शब्दांच्या दरात ते धरलं असतं तर मीच बुडालो असतो.

निळी शाई:
माझ्याकडेही लोक असंच मागतात. माझं एकच उत्तर असतं: फुकट नमुना मिळणार नाही! एक पान करून दाखवा म्हणतात आणि पाच जणांकडून पाच पानं फुकटात करून घेतात.

कानामात्रा:
त्यांनी नमुना मागितलाच नाहीये हो. अजून गाडी तिथवर पोचलेली नाही.

जुना खिळा:
इथे पान आपणच त्यांच्याकडून मागायचं आहे. :) कानामात्रा, मी साधारण असं लिहितो:

‘नमस्कार. मेलबद्दल आभार. माझा दर शब्दाला अमुक आहे. ६० पानी मॅन्युअलमध्ये १२,००० ते २४,००० शब्द असू शकतात, त्यामुळे एकूण रक्कम अमुक ते तमुक यांच्या दरम्यान येईल. नेमका आकडा देण्यासाठी तीन गोष्टी कळायला हव्यात.
एक, मूळ फाइल वर्ड किंवा इनडिझाइनमध्ये आहे, की फक्त स्कॅन आहे? पूर्ण फाइल देता येत नसेल तर मधली कुठलीही चार पानं चालतील.
दोन, तुम्हाला फक्त मराठी मजकूर हवा आहे, की छपाईला तयार पानं?
तीन, इंग्रजी मजकूर अंतिम आहे, की अजून बदलतो आहे?
उत्तरं मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी पक्कं कोटेशन पाठवते.’

बस. ओळख, अनुभव, मागची कामं यातलं काहीच नाही. ते विचारतील तेव्हा सांगायचं.

चार पानं मधली मागायची ती मुद्दाम. पहिल्या पानांवर मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका असते, त्यावरून शब्दांचा अंदाज हमखास चुकतो.

खरेदीखातं:
मी टेबलाच्या पलीकडचा माणूस, म्हणजे कोटेशन मागणारा. माझ्यापुढे तीन रकाने असतात आणि संध्याकाळपर्यंत ते भरायचे असतात. ज्याचा आकडा आला नाही त्याचा रकाना रिकामा, विषय संपला. ‘दहा मिनिटं बोलूया का?’ म्हणणारे तर मी तिथेच बाजूला ठेवतो. फाइल कशात आहे हे मला माहीत नसतं हो, ती डिझाइनवाल्याकडे असते. आकडा द्या आणि खाली लिहा, ‘इतके शब्द धरून’. तेवढं मला पुरतं.

जुना खिळा:
म्हणून तर वरच्या मेलमध्ये रक्कम आधी आहे आणि प्रश्न नंतर. तुमचा रकाना भरतो. आणि विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं हे तुम्ही बरोबर सांगितलंत. त्यासाठीच प्रश्न ‘हे की ते’ अशा रूपात ठेवायचे, म्हणजे तुम्ही मेल जशीच्या तशी डिझाइनवाल्याकडे ढकलू शकता. ‘तुमच्या अपेक्षा सविस्तर कळवा’ असं लिहिलं तर ती कोणाकडे ढकलणार?

खरेदीखातं:
पण ‘अमुक ते तमुक’ आलं की माझे साहेब वरचाच आकडा धरतात. मग दुसऱ्याचा एकच आकडा स्वस्त दिसतो.

जुना खिळा:
ही अडचण खरी आहे. माझ्याकडे त्यावर उपाय नाही. अशी काही कामं गेलीही आहेत.

पिक्सेलपाटील:
माझा उलटा अनुभव. मी वेबसाइटी करतो. चौकशी आली की १४ प्रश्नांचा फॉर्म पाठवायचो. बजेट, रंग, आवडत्या साइटी, सगळं. एकाने तिसऱ्या प्रश्नापर्यंत भरला आणि सोडून दिला. महिन्याने बघतो तर साइट दुसऱ्याकडून करून झालेली. आता ज्याच्या उत्तराने रक्कम बदलत नाही तो प्रश्नच आधी विचारत नाही. रंग नंतर विचारता येतो.

सरळसोट:
बरं, लेबलांचा मुद्दा पटला. पण ‘छपाईला तयार’ यात एवढं काय? मजकूर तयार असला की चिकटवायचा.

कानामात्रा:
चिकटवून बघा एकदा. इनडिझाइनमध्ये World-Ready Paragraph Composer निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी बसते. साठ पानं डोळ्यांखालून घालावी लागतात. हे मलाच माहीत असून मी विचारायला विसरणार होते.

जुना खिळा:
आणि तिसरा प्रश्न गाळू नका. इंग्रजी अजून बदलत असेल तर कोटेशनमध्ये त्या फाइलची तारीख लिहा, नंतरचे बदल वेगळे मोजले जातील असंही लिहा. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

कानामात्रा:
काल दुपारी पाठवली. आज सकाळी उत्तर आलं: ‘वर्ड फाइल आहे, चार पानं सोबत जोडली आहेत. फक्त मजकूर हवा. अंतिम आहे का ते इंजिनिअरना विचारतो.’ चार पानांत मिळून १,०४० शब्द निघाले, म्हणजे पानाला २६०. साठाला गुणलं तर १५,६००. आता थांबू, की आजच आकडा देऊ?

खरेदीखातं:
आजच. इंजिनिअर आठवडाभर उत्तर देणार नाही, हे मी लिहून देतो.

जुना खिळा:
दिवसभर थांबलो असतो मी. द्यायचाच असेल तर १५,६०० ‘धरून’ लिहा, अंतिम मोजणी पूर्ण फाइलवर होईल असं म्हणा आणि तारखेची ओळ घाला. याद्यांची पानं त्या चारांत होती का?

कानामात्रा:
नाही. चारही पानं सलग मजकुराची आहेत.

जुना खिळा:
मग १५,६०० जास्तच आहेत. याद्या किती पानं आहेत, तेवढं एका ओळीत विचारा.

खरेदीखातं:
झाला, चौथा प्रश्न आला!