अनुभव धागा : थोडी जमीन, सुगीत मजूर नाहीत आणि घरचीच माणसे : तुम्ही कोणता जोडधंदा धरलात?

तेरणाकाठ (धाराशिव)
काल गावात सोयाबीन काढणीच्या उक्त्या भावावरून भांडण झाले आणि आमच्या घरी तुती लावण्याचा निर्णय झाला तो दिवस आठवला. तेव्हाही पाऊस डोक्यावर आणि मजूर दुसऱ्याच्या रानात, अशीच स्थिती होती. आमच्याकडे दोन एकर आहे. त्यातल्या एका एकरावर तुती आणि शेजारी रेशीम अळ्यांचे शेड आहे. सोयाबीनची काढणी आणि अळ्यांची बॅच एकमेकांवर येऊ नयेत यासाठी आपण काय करता, ते कृपया लिहावे.

मोसंबीवाला
रेशीमच सर्वांत बरे. त्याला मजूर लागतच नाही, घरातल्या दोन बायका सगळे पाहतात.

चॉकीताई (बीड)
दादा, हे अर्धेच खरे आहे. अंड्यांतून निघालेल्या लहान अळ्या वाढवणाऱ्या चॉकी केंद्रातून दोन कात टाकलेल्या अळ्या घरी येतात, तेव्हा दोन माणसे पुरतात. चौथी कात टाकल्यानंतरचा आठवडा मात्र वेगळा असतो, कारण संपूर्ण बॅचला लागणाऱ्या पाल्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाला अळ्या याच दिवसांत खातात. शंभर अंडीपुंजांच्या अळ्यांना तेव्हा फांद्या तोडण्या-वाहण्यासाठी चार माणसे लागतात, आणि "दोन बायका" जेवायलाही बसत नाहीत, हे त्या बायकांपैकी एक म्हणून सांगते.

तेरणाकाठदादा, आम्ही चॉकी ऑगस्टच्या मध्याला आणतो. तिथून तीन आठवड्यांच्या आसपास अळ्या कोशावर जातात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोष विकून होतात. फांद्या खाऊ घालण्यासाठी कापल्या की छाटणीही आपोआप होते, आणि नवा पाला तयार व्हायला दीड ते दोन महिने लागतात. सोयाबीनची काढणी त्याच रिकाम्या काळात बसते. पुढची बॅच नोव्हेंबरमध्ये. सगळी तुती एकाच वेळी न कापता वीस-वीस गुंठ्यांचे दोन भाग केले, तर एका वेळी शेडमध्ये अळ्या कमी राहतात आणि शेवटचा आठवडा घरच्यांना झेपतो.

शेळीवाला_भूम
आमच्याकडे चार उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि पाहणारी एकटी आई आहे. बहुतेक वेळा जुळी करडे होतात, त्यामुळे मला हाच धंदा बरा वाटतो. अळ्यांनी खाऊन उरलेल्या तुतीच्या काड्या शेळ्यांना चालतात का?

चॉकीताई (बीड)
ताजा पाला शेळ्या आवडीने खातात. बेडवरच्या काड्यांना मात्र विष्ठा आणि कातीच्या वेळी टाकलेला चुना लागलेला असतो, म्हणून आम्ही त्या खतात टाकतो.

कपाशी_जालना
ऑगस्टच्या बॅचबद्दल ताईंनी एक गोष्ट लिहिली नाही. याच दिवसांत शेजारी कपाशीवर आणि सोयाबीनवर फवारे मारतात. वाऱ्याने औषध आले की अळ्या डोके हलवतात, तोंडातून हिरवट पाणी टाकतात आणि आखडतात. आमच्याकडे एका कोपऱ्यातल्या पाल्याने अर्धे शेड गेले.

मोसंबीवाला
मग पाला धुऊन घालावा.

कपाशी_जालना
पानावर बसलेले औषध धुण्याने कमी होईल, पण पानात मुरलेले निघत नाही. शिवाय पावसाळ्यात ओला पाला घातला की बेड दमट होतो आणि रोग येतो. आम्ही संशयित सरीचा पाला आधी परडीतल्या मोजक्या अळ्यांना घालतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहतो. बांधावर शेवरीही दाट लावली आहे. तिचा किती उपयोग होतो याबद्दल आमच्या घरातच दोन मते आहेत.

लातूरची_सून
कोष साठवून भाव चढल्यावर विकावेत, असे सासरे म्हणतात. ते जमते का?

चॉकीताई (बीड)
ताई, सोयाबीनसारखे पोते ठेवता येत नाही. आत जिवंत कोषित असते आणि दीड-दोन आठवड्यांत पतंग कोष फोडून बाहेर येतो. फुटलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही. अळ्या कोष विणण्यासाठी नेत्रिकेवर, म्हणजे जाळीच्या चौकटीवर, सोडल्यानंतर आम्ही सहाव्या दिवशी दोन-चार कोष कानाशी हलवून पाहतो. आत खुटखुट वाजले तर काढायचे. आवाज आला नाही तर आतली अळी अजून मऊ असते, ती चिरडून कोष डागाळतो आणि भाव पडतो. डागी आणि जुळे कोष वेगळे काढून, माल हवेशीर पिशव्यांत भरून त्याच संध्याकाळी निघायचे. पूर्वी विकायला कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ पासून जालन्यात कोषांचा बाजार आहे, त्यामुळे एक रात्र वाचते.

तेरणाकाठ (धाराशिव)
ताई, आभारी आहे. वीस-वीस गुंठ्यांची विभागणी यंदा करून पाहतो. आमचा शेजारी मात्र फवारणीचा दिवस कधीच आधी सांगत नाही. त्याच्याशी हा विषय कोणी, कसा काढला?

शेळीवाला_भूम
आमच्या शेजाऱ्याला पाटीच्या करडात अर्धा वाटा दिला, तेव्हापासून तो फवारणीचा दिवस सांगतो. तुमच्याकडे द्यायला कोषच आहेत, अवघड आहे.