सेटलमेंट, क्लोजर आणि आपलं ‘मिटवलं’

घणसोलीकर
शब्दाबद्दलच विचारायचं आहे, पण त्यामागे घरातलं प्रकरण आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. धाकट्या भावाने २०२१ मध्ये ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं होतं. नोकरी गेली, हप्ते थकले. मार्च २०२३ मध्ये वसुलीवाल्यांचा फोन आला, “एक लाख वीस हजार भरा, फुल अँड फायनल करून टाकू.” सगळ्यांनी मिळून पैसे उभे केले, भरले, आणि तेव्हापासून घरात आम्ही ‘कर्ज मिटवलं’ असंच म्हणतो. आता ऐरोलीत वन बीएचके बघितलाय. गृहकर्जाचा अर्ज केला तर बँकेने सिबिलच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. त्या खात्यापुढे `Settled` आहे, `Closed` नाही. भावाचं म्हणणं, मिटवलं त्यालाच तर सेटल म्हणतात, मग अडलं कुठे? मराठीत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत का? आणि बँकेच्या लेखी फरक नेमका काय?

सुहास, नौपाडा
रिपोर्टात शिल्लक रक्कम किती दिसते ते बघा. शून्य असेल तर खातं बंदच आहे, बँकेचा माणूस उगाच अडवतोय. माझ्या मेहुण्याच्या रिपोर्टात खातं बंद झाल्याची तारीखसुद्धा आली होती.

वंदना, चरई
सुहासदादा, शिल्लक दोन्हीकडे शून्यच दिसते. तडजोड झाल्यावर बँक पुढे काही मागत नाही, म्हणून शून्य. बंद झाल्याची तारीखही पुष्कळदा भरलेली असते. या दोन रकान्यांवरून काही ठरवू नका. खात्याच्या स्थितीचा रकाना वेगळा असतो आणि त्याच्या जवळच ‘रायट ऑफ’ रक्कम आणि सेटलमेंटची रक्कम दिलेली असते. पूर्ण फेडलेल्या खात्यात हे आकडे येतच नाहीत. तिथे आकडा दिसला की समजायचं, बँकेने काहीतरी सोडलेलं आहे.

मी सहकारी बँकेच्या वसुली विभागात होते. आमच्या टेबलावर या दोन गोष्टींना एकच शब्द कधी वापरला गेला नाही. मुद्दल, व्याज, खर्च सगळं आलं की ‘कर्ज फिटलं’ किंवा ‘खातं निल झालं’, आणि मग बेबाकी दाखला. कमी घेऊन सोडून दिलं की ‘तडजोड’. सहकारात ‘सामोपचार’ म्हणतात, ‘एकरकमी परतफेड’ही म्हणतात. ‘मिटवलं’ हा मात्र घरातला शब्द आहे, तो दोन्हीला चालतो. भांडण मिटतं तेव्हा दोघांनीही थोडं थोडं सोडलेलं असतं. तुमच्या भावाचं कर्ज त्या अर्थाने खरंच मिटलं, पण फिटलं नाही.

‘फुल अँड फायनल’ने तर फार जणांची फसगत केलीय. महापे, ऐरोलीच्या कंपन्यांतली मुलं नोकरी सोडताना हेच शब्द ऐकतात. तिथे त्यांना राहिलेला पगार, रजेचे पैसे, सगळं चुकतं मिळतं. वसुलीवाल्याच्या तोंडी तेच शब्द आले की वाटतं, इथेही सगळं चुकतं झालं.

प्रिया, नेरूळ
बापरे, वाचून धडधडायला लागलं. मी गेल्या वर्षी गाडीचं कर्ज मुदतीआधी बंद केलं, बँकेने फोरक्लोजरचं पत्र दिलं. म्हणजे माझंही सेटलमेंटच धरतील का? इंग्रजी सिनेमांत फोरक्लोजर म्हणजे घर जप्त करतात ना?

वंदना, चरई
नाही गं प्रिया, घाबरू नकोस. आपल्याकडच्या बँका मुदतीआधी पूर्ण रक्कम भरून कर्ज संपवण्याला फोरक्लोजर म्हणतात. तू सगळी शिल्लक भरलीस, वर मुदतीआधी बंद केल्याचं शुल्कही दिलं असशील. तुझ्या रिपोर्टात `Closed` असायला हवं. आरसी बुकावरचा बँकेचा बोजा काढून घेतलास ना? तो काढला नसेल तर आधी त्याच्यामागे लाग.

घणसोलीकर, भावाला बँकेने तेव्हा जे पत्र दिलं ते शोधा. त्यातले आकडे इथे लिहा, नाव-खाते क्रमांक नको.

घणसोलीकर
सापडलं. पत्रात येणं एकूण २,३१,००० दाखवलंय. त्यात मुद्दल १,८४,०००, व्याज आणि दंड मिळून ४७,०००. १,२०,००० एकरकमी स्वीकारले आणि उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडला, अशी भाषा आहे. रिपोर्टात सेटलमेंटची रक्कम १,२०,०००, रायट ऑफ एकूण १,११,००० आणि त्यातलं मुद्दल ६४,०००.

वंदना, चरई
आकडे जुळतात. १,२०,००० मुद्दलात धरले, म्हणून मुद्दलातले ६४,००० बुडाले. व्याज-दंडाचे ४७,००० पूर्ण सोडले. दोन्ही मिळून १,११,०००. नवं कर्ज देणारी बँक हेच वाचते. या माणसाला पूर्वी कर्ज दिलं त्या बँकेचं मुद्दलसुद्धा परत आलं नाही. स्कोअर ७०० च्या पुढे गेला असला तरी गृहकर्जाचा अधिकारी ही ओळ बघून थांबतो. नुसतं व्याज सुटलेलं असतं तरी ओळ `Settled` अशीच आली असती, पण मुद्दल बुडालं की ती जास्त टोचते.

सुहास, नौपाडा
पण हे सात वर्षांनी आपोआप पुसलं जातं ना? आणि रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की तडजोडीनंतर १२ महिने झाले की कर्ज द्यायला हरकत नाही. २०२३ ला आता पुरेसा काळ लोटलाय.

वंदना, चरई
दोन्हीत तथ्य आहे, पण तुम्ही म्हणता तसं नाही. सात वर्षं ही माहिती जपण्याची किमान मुदत आहे. सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांनी ती त्याआधी टाकून द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. सात वर्षं होताच पुसलीच पाहिजे असं त्यात नाही.

१२ महिन्यांचा नियम रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकातला. तडजोड केलेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी बँकेने काही काळ थांबायचं, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांना हा काळ किमान १२ महिने. ‘किमान’ लक्षात घ्या. बँकेचं संचालक मंडळ तो वाढवू शकतं. आणि तो काळ संपला म्हणून कर्ज द्यायलाच हवं असं बंधन कुणावर नाही.

रमेश, कळवा
माझी वेगळीच तऱ्हा. मी कर्ज घेतलेलंच नाही. मित्राच्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. त्याने बँकेशी परस्पर तडजोड केली, मला सांगितलंही नाही. आता मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी गेलो तर माझ्या रिपोर्टात त्याचं खातं, पुढे `Settled`. माझा काय दोष?

वंदना, चरई
रमेशभाऊ, दोष नाही, पण सही आहे. जामीनदाराच्या रिपोर्टात ते खातं जामीनदार म्हणून दिसतंच. मुख्य कर्जदाराने फरक भरला तर तुमच्याकडचीही ओळ बदलायला हवी. तो भरत नसेल तर तुम्ही भरायचा का आणि मग त्याच्याकडून वसूल कसा करायचा, हे एखाद्या वकिलाला कागद दाखवून विचारा. मी इथे बसून सांगणं बरोबर होणार नाही.

घणसोलीकर
ताई, मग `Settled` चं `Closed` करायला काय करायचं? सिबिलकडे तक्रार केली की होतं का?

वंदना, चरई
क्रेडिट कंपनी स्वतःहून ओळ बदलत नाही. बँकेने पाठवलेलं ती दाखवते, तक्रार आली की बँकेलाच विचारते. आणि तुमच्या बाबतीत बँकेने पाठवलंय ते खरंच आहे. त्यामुळे आधी पैसे, मग नोंद.

कर्ज देणाऱ्या बँकेला भावाच्या सहीने लेखी विचारा, की सोडलेली रक्कम भरायची तयारी आहे, एकूण किती भरायची. उत्तर लेखीच घ्या. बहुतेक ठिकाणी माफ केलेली रक्कमच मागतात, काही जण तडजोडीनंतरचं व्याजही लावून बघतात, तिथे बोलणी करावी लागतात. मूळ बँकेने हे कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल तर मात्र पत्र त्या कंपनीला जायला हवं. पैसे कर्ज खात्यातच भरा, एजंटच्या हातात किंवा त्याच्या मोबाईलवर मुळीच नाही. मग बेबाकी दाखला घ्या. त्यात ‘तडजोड’ किंवा ‘सेटलमेंट’ शब्द राहिला असेल तर परत करा आणि दुसरा मागा. ‘संपूर्ण येणं वसूल, काही बाकी नाही’ असं हवं.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं. महिनाभर थांबून सिबिलसोबत एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कचाही रिपोर्ट काढा. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. गृहकर्जवाली बँक कुणाचा बघेल ते आपल्या हातात नाही. ओळ बदलली नसेल तर दाखला जोडून तक्रार करा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

सुहास, नौपाडा
मला हे पटत नाही. हेच १,११,००० मार्जिनमध्ये टाका, कर्जच कमी घ्या आणि थोडा जास्त दर लावणाऱ्या गृहवित्त कंपनीकडे जा. तुमची ओळ बदलली तरी थकलेल्या हप्त्यांचे दिवस महिन्यावार रिपोर्टात राहणारच ना?

वंदना, चरई
राहणार, हे तुमचं बरोबर आहे. `Closed` झालं तरी ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस थकल्याचे ते चौकोन पुसले जात नाहीत. फक्त रिपोर्टात ते मागच्या ३६ महिन्यांचे असतात, आणि बँकेचा अधिकारी जुन्या उशिराकडे जितकं दुर्लक्ष करतो तितकं बुडालेल्या मुद्दलाकडे करत नाही. वाढीव दर वीस वर्षं भरायचा की १,११,००० एकदाच, हा हिशेब मात्र घरानेच करायचा. मी असते तर भरले असते.

घणसोलीकर
भावाशी बोललो. त्याला वाटतं भरावेत, वहिनीला वाटतं सुहासदादा म्हणतात ते करावं. तूर्त बँकेला पत्र टाकून आकडा तर मागवतो. पत्रात ‘आमचं कर्ज मिटलेलं आहे, नोंद दुरुस्त करावी’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. आता काय लिहू?

वंदना, चरई
‘दुरुस्त’ शब्द नको, त्यांची नोंद चुकीची नाही. असं लिहा: “सदर खात्यात मार्च २०२३ मध्ये तडजोडीने रु. १,२०,००० भरले असून आपण सोडलेली रक्कम आता भरण्याची माझी तयारी आहे. भरावयाची एकूण रक्कम, आणि ती भरल्यावर खाते पूर्ण परतफेडीने बंद झाल्याची नोंद सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांना किती दिवसांत पाठवली जाईल, हे लेखी कळवावे.” सोबत २०२३ च्या पत्राची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.