मदत हवी आहे : कुरिअर कंपनीचा खरा कस्टमर केअर नंबर ओळखायचा कसा?

देवगडकरीण: पुण्याला पाठवलेल्या हापूसच्या दोन पेट्या मध्येच अडकल्यात. पावतीवरचा नंबर लागत नाही, म्हणून गूगलवर शोधलं तर तीन पानांवर तीन वेगळे नंबर! पहिलं ‘प्रायोजित’ लिहिलेलं, दुसरं sites.google.com वर, तिसरं मात्र कंपनीच्याच साइटवर. तिसऱ्यावरचा लावू का? आंबा पिकायला लागलाय, थांबायला वेळ नाही. अजून कुठेच फोन केलेला नाही.

सागर_रत्नागिरी: ताई, सोपं आहे. पत्त्याच्या सुरुवातीला कुलूप दिसतंय ना? मग साइट खरी. आणि नंबर ट्रूकॉलरवर टाकून बघा, कंपनीचं नाव आलं की बिनधास्त लावा.

खाडीपलीकडे: सागर, कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. समोर बसलेला कोण आहे, हे कुलूप सांगत नाही. भामट्याच्या साइटलाही ते फुकटात मिळतं. ट्रूकॉलरवरचं नाव बहुतेक वेळा लोकांनीच भरलेलं असतं, त्यामुळे दहा जणांनी ‘कस्टमर केअर’ म्हणून सेव्ह केलं की तेच दिसणार. ‘धोका’ असं लाल दाखवलं तर त्या इशाऱ्यावर विश्वास ठेवा, नुसतं नाव दिसलं तर त्यावर नको.

ताई, पहिली दोन पानं सोडूनच द्या. sites.google.com वर कुणीही पान बनवू शकतो आणि ‘प्रायोजित’ म्हणजे पैसे देऊन वर आणलेलं. तिसऱ्याचा पूर्ण पत्ता इथे टाका. मोबाइलवर अर्धाच दिसतो, पत्त्याच्या पट्टीवर बोट टेकवलं की सगळा दिसेल.

देवगडकरीण: हा घ्या. कंपनीचं नाव बदललंय आणि नंबर झाकलाय.

```
https://www.amukcourier.com/search?q=Customer+Care+Call+98XXXXXXXX
```

पानावर वर कंपनीचा लोगो आहे, त्याखाली मोठ्या अक्षरांत हा नंबर.

खाडीपलीकडे: लावू नका! साइट खरी आहे, पण नंबर कंपनीने लिहिलेलाच नाही. पत्त्यात `search?q=` दिसतंय ना, त्याच्यापुढे आहे तो शोधपेटीत टाकलेला मजकूर. साइट तोच मजकूर पानावर परत दाखवते. तुम्ही त्या जागी ‘फणस’ लिहिलंत तर लोगोखाली फणस दिसेल. भामट्याने आपला नंबर ‘शोधला’ आणि तो तयार पत्ता सगळीकडे पसरवला, कंपनीच्या साइटमध्ये न घुसताच. म्हणून डोमेन तपासणारा माणूसही इथे फसतो. नंबरच्या आसपास ‘काहीही सापडले नाही’ अशी बारीक ओळ आहे का बघा.

आता `.com` नंतरचं सगळं पुसा, मुख्य पान उघडा आणि तिथल्या संपर्काच्या दुव्यावरून जा. पावतीवर साइटचा पत्ता छापलाय का? असेल तर तो हाताने टाइप केलेला सगळ्यात बरा.

मालवणचो_झिल: आमच्या लॉजचो नंबर गूगल मॅपवर कोणीतरी बदलल्यान. गिऱ्हाईकां बुकिंगचे पैसे भलत्याकच पाठवतत. तो परत कसो बदलूचो?

खाडीपलीकडे: झिला, तुझा प्रश्न वेगळा, पण दुखणं तेच. मॅपवर ‘बदल सुचवा’ कुणालाही करता येतं. लॉजची नोंद मालक म्हणून पडताळून घेतली नसशील तर आधी ते कर. तोवर लॉजच्या फेसबुक पानावर खरा नंबर लिहून ठेव.

देवगडकरीण: खरंच आहे हो! नंबरच्या वर बारीक अक्षरांत ‘0 results for’ लिहिलंय. मुख्य पानावरून गेले तर तिथे 1800 वाला नंबर मिळाला.

सागर_रत्नागिरी: म्हणजे 1800 असला की खरा, असं धरायचं?

खाडीपलीकडे: नाही रे. खोट्या पानावर 1800 पण छापता येतो. नंबर कसा दिसतो यापेक्षा तो कुठून मिळाला ते बघ. बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` वर जायला सांगितलं होतं आणि तो पत्ता बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. कुरिअरवाल्यांसाठी असं काही नाही.

ताई, त्या 1800 वर बोलतानाही कुणी ‘पाच रुपये भरून पत्ता पक्का करा’ म्हणालं, किंवा AnyDesk सारखं, दुसऱ्याला तुमचा फोन बघू देणारं ॲप घ्यायला सांगितलं, व्हॉट्सॲपवर ॲपची APK फाइल पाठवली, तर फोन ठेवा. पेटी शोधायला त्यांना तुमच्या पावतीचा नंबर पुरतो. आणि घरातल्या कुणी आधीच अशा ठिकाणी पैसे भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन 1930 लावा, बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर आले.

देवगडकरीण: बोलले. पेट्या कोल्हापूरला आहेत, उद्या निघतील म्हणाले. पैसे मागितले नाहीत. पण ते तिसरं पान अजून शोधात वरच दिसतंय, त्याची तक्रार कुठे करायची?

खाडीपलीकडे: तो फोन नंबर cybercrime.gov.in वर संशयित म्हणून नोंदवता येतो. पानाचा पूर्ण पत्ता कंपनीला मेल करा, शोधपेटीतला मजकूर तसाच दाखवणं त्यांनाच बंद करता येईल. ते कधी करतील, माझ्या हातात नाही.

मालवणचो_झिल: मालक म्हणान अर्ज केलंय. व्हिडिओ मागतत, लॉजच्या पाटयेचो. कोणी केल्यानी असा काय?