जादा नफ्यावर जादा कर: न्याय की पुढच्या गुंतवणुकीला धक्का?

सई, खानापूर

2022 साली युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल महागलं आणि केंद्राने देशातल्या तेल उत्पादकांवर विंडफॉल टॅक्स लावला. डिसेंबर 2024 मध्ये तो काढून टाकला. आमच्या घरात यावरून वाद चालू आहे. बाबा म्हणतात, युद्धामुळे आयता पदरात पडलेला नफा सरकारने घ्यायलाच हवा. दादा म्हणतो, असं केलं तर उद्या कोणी पैसा घालणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

चिक्कोडीचा ऊसवाला

तुझ्या बाबांचं बरोबर हाय. आणि नुसत्या तेलावर का थांबायचं? साखरेचा दर चढला की कारखानदाराचा नफा चढतोय, आमचं बिल मात्र केंद्रानं ठरवलेल्या किमान ऊसदरावर, एफआरपीवरच अडकून बसतंय. साखर, इथेनॉल, वीज, सगळं आमच्या उसातनंच निघतंय न्हवं? पयला हा कर साखर कारखान्यांवर लावा.

उद्यमबाग फाउंड्री

माझं मत दादासारखं. एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे तेलाचा भाव कोसळला. अमेरिकेत तर एक दिवस वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. तेव्हा सरकारने तेल कंपन्यांना "तुमचा तोटा वाटून घेऊ" असं म्हटलं नाही. पडत्या काळात एकट्याने सोसायचं आणि चढत्या काळात वाटून द्यायचं, यात न्याय कुठला? तेलाची विहीर असो वा माझी भट्टी, पाच वाईट वर्षं माणूस काढतो ती एका चांगल्या वर्षाच्या भरवशावर. ते चांगलं वर्षच कापून घेतलं तर हिशेब जमत नाही.

निपाणीकर

पण कर लावल्यामुळे पेट्रोल-डिझेल आटोक्यात राहिलं ना? नाहीतर दीडशेच्या पुढे गेलं असतं.

हिशेबनीस, टिळकवाडी

मी अबकारी खात्यात नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निपाणीकर, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. 1 जुलै 2022 ला दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या. देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनाला 23,250 रुपये, आणि पेट्रोल-डिझेलच्या निर्यातीवर लिटरमागे कर, पेट्रोलला 6 रुपये आणि डिझेलला 13. निर्यातीवरच्या करामुळे माल देशात राहायला मदत झाली. कच्च्या तेलावरच्या करामुळे मात्र पंपावरचा दर एक पैसाही उतरला नाही. रिफायनरी देशी तेलही आंतरराष्ट्रीय भावानेच विकत घेत होती. ओएनजीसीच्या हातातली रक्कम केंद्राच्या तिजोरीत गेली, एवढंच घडलं. आणि तो विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क म्हणून वसूल केल्यामुळे राज्यांशी वाटून घ्यायच्या निधीत आला नाही. कर्नाटकाला त्यातला वाटा नव्हता, महाराष्ट्रालाही नव्हता.

आता मूळ प्रश्न. या कराला सगळे नफ्यावरचा कर म्हणतात, पण तो नफ्यावर नव्हताच, टनावर होता. एका टनात साधारण 7.3 पिंपं तेल बसतं. 23,250 ला 7.3 ने भागलं तर पिंपामागे सुमारे 3,185 रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने 40 डॉलर. तेल 115 डॉलरच्या आसपास होतं, त्यातून 40 गेले की उत्पादकाकडे 75 उरतात. त्यातून 20 टक्के उपकर आणि रॉयल्टी वेगळी जाते. ज्याला पिंप काढायला 25 डॉलर लागतात आणि ज्याला 50 लागतात, दोघांनी तेच 40 भरायचे. पहिल्याचा खरोखर आयता नफा जातो. दुसऱ्याला तोटा होऊ शकतो.

चिक्कोडीचा ऊसवाला

मग सरळ नफ्यावरच लावायचा की. टनावर कशाला?

हिशेबनीस, टिळकवाडी

कारण टन लपवता येत नाही, नफा लपवता येतो. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. 1974 मध्ये ऊस नियंत्रण आदेशात 5ए हे कलम घातलं होतं. साखर अपेक्षेपेक्षा जादा भावाने विकली तर ती वरची रक्कम कारखाना आणि शेतकरी यांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. तुम्ही मागताय तो जादा नफ्यातला वाटा कायद्यात होता. पण वर्ष संपल्यावर हिशेब करायचा आणि तो कारखान्याच्या वहीवरून करायचा, तिथेच त्याचा जीव गेला. 2009 मध्ये एफआरपी आली आणि ते कलम निघालं.

मळी आणि बगॅस मालकाच्याच डिस्टिलरीला आणि वीज प्रकल्पाला स्वस्तात दिली की साखरेच्या खात्यात नफा दिसत नाही. तेलातही तेच होऊ शकतं. विहिरी आणि रिफायनरी एकाच घरातल्या असल्या की नफा कुठल्या खात्यात दाखवायचा हे घरच ठरवतं. म्हणून सरकारला टन आवडतो.

वडगावचा रहिवासी

माझा एक प्रश्न. रिंग रोडच्या चर्चेमुळे आमच्या बाजूला जमिनीचे भाव चढलेत. मी प्लॉट विकला तर हा कर मलाही लागेल का?

हिशेबनीस, टिळकवाडी

नाही. तुम्हाला नेहमीचा भांडवली नफ्यावरचा कर लागेल. हा विषय वेगळा आहे.

उद्यमबाग फाउंड्री

म्हणजे माझ्या बाजूचाच पुरावा तुम्ही दिलात. नफ्यावर लावता येत नाही, टनावर लावला तर महागात काढणारा मरतो. मग लावायचाच कशाला? नवी विहीर कोण खणेल?

सई, खानापूर

सरकारने नव्या उत्पादनाला सूट दिली होती ना? आदल्या वर्षापेक्षा जास्त काढलेल्या तेलावर हा कर नव्हता, असं मी वाचलं. मग गुंतवणूक थांबायचं कारणच राहत नाही.

हिशेबनीस, टिळकवाडी

सई, बरोबर वाचलंस, आणि कल्पनाही चांगली होती. जे तेल येणारच होतं त्यावर कर, जे नवीन पैसा घालून वाढवलं त्यावर नाही. माझा एकूण कल तुझ्या बाबांकडे आहे तो अशाच रचनेमुळे. पण ही सूट आपल्या शेतांना, म्हणजे तेलक्षेत्रांना, नीट बसली नाही.

मुंबई हायमधून 1976 पासून तेल काढलं जातंय. जुन्या क्षेत्राचं उत्पादन दरवर्षी आपसूक घटतं. समज, गेल्या वर्षी 100 टन निघालं. काहीच खर्च केला नाही तर यंदा 92 निघेल. कंपनीने नव्या विहिरी घेतल्या, पाण्याचा दाब वाढवला आणि 97 वर आणलं. हे पाच टन निव्वळ नव्या पैशातून आले. पण 97 हे 100 पेक्षा कमी, म्हणून सूट शून्य. पाचही टनांवर पूर्ण कर. घटणाऱ्या क्षेत्रात सूट द्यायची तर 100 शी नव्हे, अपेक्षित घटीशी, म्हणजे 92 शी तुलना करायला हवी होती. देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन 2011-12 मध्ये 3.8 कोटी टनांच्या आसपास होतं, 2022-23 मध्ये 2.9 कोटींवर आलं. ही घट कराच्या आधीपासूनची, तिचा दोष कराला देता येत नाही. पण अशा घसरणीत ती सूट फार थोड्यांच्या हाती लागली असणार.

दुसरी खोट जास्त गंभीर वाटते. दर पंधरा दिवसांनी बदलायचा. 23,250 वरून तीन आठवड्यांत 17,000. एप्रिल 2023 च्या सुरुवातीला शून्य आणि त्याच महिन्यात परत 6,400. भाव अमुक डॉलरच्या वर गेला तर वरच्या रकमेतला अमुक हिस्सा सरकारचा, असं सूत्र कायद्यात लिहिलं असतं तर कंपनीने ते धरून हिशेब केला असता. दहा वर्षांचा प्रकल्प पंधरा दिवसांच्या अधिसूचनेवर उभा राहत नाही.

उद्यमबाग फाउंड्री

शेवटी माझ्या मुद्द्यावर आलात.

निपाणीकर

फाउंड्रीवाले, एक विचारू? मे 2022 मध्ये केंद्राने पिग आयर्न, म्हणजे तुमच्या भट्टीचा कच्चा माल, आणि पोलाद यांच्या निर्यातीवर 15 टक्के आणि लोहखनिजावर 50 टक्के शुल्क लावलं. सुप्रीम कोर्टाने बळ्ळारीकडच्या खनिजाची निर्यात मोकळी करून जेमतेम दोन दिवस झाले होते. तेव्हा उद्यमबागेतल्या माझ्या मेहुण्याच्या कारखान्यात सगळे खूश होते. खाणवाल्यांचं आणि पोलादवाल्यांचं चांगलं वर्ष कापलं गेलं तेव्हा तुम्हाला न्याय आठवला होता का?

उद्यमबाग फाउंड्री

प्रश्न योग्य आहे, टाळत नाही. हो, मला फायदा झाला. पिग आयर्नचा भाव इतका चढला होता की ट्रॅक्टरच्या कास्टिंगची जुन्या दराची ऑर्डर पुरी करताना मी प्रत्येक नगामागे पदरचे घालत होतो. शुल्क आलं आणि भाव उतरला. पण फरक बघा. तिथे भाव उतरल्यामुळे पैसा माझ्यासारख्या खरेदीदाराकडे आला. तेलाच्या करात तो तिजोरीत गेला, डिझेल भरणाऱ्याला काही मिळालं नाही. आणि ते शुल्क नोव्हेंबर 2022 मध्ये उठलंही. तरी तुम्ही म्हणाल की ते पोलादवाल्याच्या खिशातून आलं. आलंच. हे मला पूर्ण सोडवता येत नाही.

हिशेबनीस, टिळकवाडी

गुंतवणुकीला धक्का न लावता आयता नफा घ्यायचा एक मार्ग आहे, मागे वळून एकदाच घ्यायचा. ब्रिटनने 1997 मध्ये खासगीकरण झालेल्या वीज, पाणी वगैरे कंपन्यांवर तसा कर लावला. विक्रीनंतरच्या पहिल्या चार वर्षांचा सरासरी नफा घेतला, त्याला 9 ने गुणलं, त्यातून सरकारने कंपनी विकली ती किंमत वजा केली आणि उरलेल्यावर 23 टक्के. समजा सरासरी नफा 100, म्हणजे कंपनी 900 ची. सरकारने ती 500 ला विकली. फरक 400, कर 92. सरकारने स्वस्तात विकल्यामुळे मिळालेला फायदाच मोजला. नफा होऊन गेलेला, त्यामुळे तो टाळायला आज कोणी उत्पादन कमी करून उपयोग नव्हता. सुमारे 520 कोटी पौंड जमले.

उद्यमबाग फाउंड्री

एकदाच म्हणतात, पण एकदा चव लागली की? त्याच ब्रिटनने मे 2022 मध्ये तेल-वायूवर 25 टक्के जादा कर लावला. 2025 अखेर संपेल असं सांगितलं. नंतर 35 टक्के केला, मग 38, आणि मुदत नेली 2030 पर्यंत. तुमच्या 1997 च्या कंपन्यांना पुन्हा लावला नसेल, पण बाकीच्यांनी धडा घेतलाच असणार.

हिशेबनीस, टिळकवाडी

हा मुद्दा मान्य. मुदत वाढवणं हे दर वाढवण्यापेक्षा वाईट. तरीही त्यावरून कर चुकीचा ठरत नाही, आधी लिहून ठेवलेल्या सूत्राची गरज ठरते. ज्या करारात नफा वाढेल तसा सरकारचा वाटा वाढतो ते करार आपल्याकडेही आहेत. तिथे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग युद्ध झालं म्हणून नवा कर आणायची वेळच येत नाही.

चिक्कोडीचा ऊसवाला

तेच सूत्र उसाला पायजे. रंगराजन समितीनं 2012 ला सांगितलं होतं, साखर आणि उपपदार्थांच्या विक्रीतले 70 टक्के उसाला. विक्रीतले, नफ्यातले न्हाई. विक्रीत लपवालपवी कमी.

हिशेबनीस, टिळकवाडी

कमी, पण मळी घरच्याच डिस्टिलरीला कुठल्या भावाने लावली हे बघावंच लागेल. शिवाय साखर पडली की त्याच सूत्राने तुमचा दरही पडेल. एफआरपी खालून आधार म्हणून राहिली तर तोटा एकट्या कारखान्याचा, आणि मग फाउंड्रीवाल्यांचा पहिला प्रश्न परत उभा राहतो. पडत्या वर्षाचा वाटा तुम्ही घ्याल?

चिक्कोडीचा ऊसवाला

दोन वर्सं उसाचं बिल थकल्यावर तो वाटा आमी घेतलेलाच असतोय की. कागदावर येत न्हाई एवढंच.